समीकरणे तीन, अज्ञात चार

एखाद्या रेषीय समीकरणात उजव्या बाजूला नुसते शून्य असेल, तर ते समीकरण समघाती म्हणवले जाते. अशी कितीही समीकरणे एकत्र घेतली तरी त्यांची एक उकल सांगायला विचारच करावा लागत नाही: सगळ्या अज्ञातांची किंमत शून्य धरली की प्रत्येक समीकरण आपोआप खरे ठरते. ही उकल कोणत्याही समघाती संचाला फुकट मिळते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. प्रश्न असतो तो दुसऱ्या उकलीचा. निदान एक अज्ञात शून्य नसेल अशी उकल आहे की नाही? साधारणपणे याचे उत्तर समीकरणे प्रत्यक्ष सोडवल्याशिवाय देता येत नाही. पण अज्ञातांची संख्या समीकरणांच्या संख्येपेक्षा जास्त असेल, तर सहगुणकांकडे न पाहतादेखील सांगता येते की अशी उकल आहेच. सहगुणक पूर्णांक असोत, अपूर्णांक असोत, ऋण असोत, काही शून्य असोत, निकालात फरक पडत नाही. इतकी कमी माहिती घेऊन इतकी ठाम हमी देणारी विधाने गणितात फार नाहीत.

हे कसे घडते ते पाहायला एक जुने आणि नेमके उदाहरण उपलब्ध आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात, अनेक अज्ञातांच्या समीकरणांना वाहिलेल्या ‘अनेकवर्ण समीकरण’ या प्रकरणात, चार माणसांच्या जनावरांचा एक प्रश्न येतो. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. प्रश्न असा: चौघांकडे घोडे अनुक्रमे ५, ३, ६ आणि ८ आहेत. उंट २, ७, ४ आणि १ आहेत. खेचरे ८, २, १ आणि ३, तर बैल ७, १, २ आणि १ आहेत. चौघांची मालमत्ता सारख्याच मोलाची आहे. तर एका घोड्याची, उंटाची, खेचराची आणि बैलाची किंमत किती?

त्या काळी अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देत आणि लिहिताना त्यांची पहिली अक्षरे वापरत. तीच अक्षरे इथेही सोयीची आहेत. घोड्याची किंमत या, उंटाची का, खेचराची नी आणि बैलाची पी मानली तर चौघांची मालमत्ता अशी होते:

पहिला: ५या + २का + ८नी + ७पी
दुसरा: ३या + ७का + २नी + १पी
तिसरा: ६या + ४का + १नी + २पी
चौथा: ८या + १का + ३नी + १पी

मालमत्ता सारखी आहे एवढेच दिले आहे. ती किती, ते दिलेले नाही. म्हणून पहिल्यातून दुसरा वजा करायचा, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा, आणि प्रत्येक वजाबाकी शून्य ठेवायची. माणसे चार असली तरी तुलना तीनच होतात. पहिला आणि चौथा सारखे आहेत हे या तीन तुलनांमधून आपोआप निघते, त्याचे वेगळे समीकरण लिहिण्यात अर्थ नाही. हाती येतात ती ही तीन समीकरणे:

२या − ५का + ६नी + ६पी = ०
−३या + ३का + नी − पी = ०
−२या + ३का − २नी + पी = ०

तीन समीकरणे, चार अज्ञात, उजवीकडे सगळीकडे शून्य. शून्य उकल इथे म्हणजे चारही जनावरे फुकट. तसे झाले तर चौघेही सारखेच कंगाल ठरतात आणि प्रश्नातली अट पुरी होते, पण असे उत्तर कोणी घेऊन जाणार नाही.

सोडवण्याची रीत शाळेत दोन चलांसाठी शिकवतात तीच: एका अज्ञाताचा लोप करायचा. प्रत्येक समीकरणातून या ची किंमत बाकीच्या तिघांत मांडली तर तीन रूपे मिळतात:

या = (५का − ६नी − ६पी) ÷ २
या = (३का + नी − पी) ÷ ३
या = (३का − २नी + पी) ÷ २

घोड्याची किंमत एकच असल्यामुळे ही तिन्ही रूपे एकमेकांएवढी असली पाहिजेत. पहिले दुसऱ्याएवढे ठेवले की ९का = २०नी + १६पी मिळते, आणि दुसरे तिसऱ्याएवढे ठेवले की ३का = ८नी − ५पी. घोडा हिशेबातून बाहेर गेला. जाताना एक समीकरणही घेऊन गेला: आता समीकरणे दोन आणि अज्ञात तीन. पुन्हा तेच करायचे. दुसऱ्या नात्याची तिप्पट केली की ९का = २४नी − १५पी होते, आणि ते पहिल्याशी जुळवले की उंटही सुटतो:

२०नी + १६पी = २४नी − १५पी
४नी = ३१पी

आता एक समीकरण आणि दोन अज्ञात उरले. इथे खेचराची किंमत बैलाच्या किमतीवरून ठरते, पण बैलाची किंमत ठरवायला आता एकही समीकरण शिल्लक नाही. ती हवी ती घेता येते. अपूर्णांक टाळायचे म्हणून पी = ४ घेतले तर नी = ३१. मग उलट पावली मागे यायचे. ३का = ८ × ३१ − ५ × ४ = २२८, म्हणून का = ७६. आणि ३या = ३ × ७६ + ३१ − ४ = २५५, म्हणून या = ८५. घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. पडताळा घेणे सोपे आहे. पहिल्याची मालमत्ता ४२५ + १५२ + २४८ + २८ म्हणजे ८५३ होते. दुसऱ्याची २५५ + ५३२ + ६२ + ४, तीही ८५३. तिसरा आणि चौथा यांचे हिशेबही ८५३ वरच येतात.

बैलाची किंमत ८ घेतली असती तर सगळ्याच किमती दुप्पट झाल्या असत्या आणि प्रत्येकाची मालमत्ता १७०६ झाली असती. समघाती संचाचे हे नेहमीचेच आहे: एक शून्येतर उकल सापडली की तिच्या सगळ्या पटी उकलीच असतात. म्हणून अशा संचाला एक तर फक्त शून्य उकल असते, नाही तर अगणित उकली असतात. अधलेमधले काही नाही. या उदाहरणात किमतींचे आपसातले प्रमाण तेवढे पक्के ठरते, प्रत्यक्ष किमती ठरत नाहीत. प्रश्नात एकही किंमत दिलेली नसताना याहून जास्त काही कळेल अशी अपेक्षाही गैर आहे.

आता या हिशेबातले आकडे विसरून फक्त त्याची चाल पाहावी, कारण सर्वसाधारण सिद्धता त्या चालीतच आहे. समीकरणे कितीही असोत, अज्ञात त्यांच्यापेक्षा जास्त आहेत एवढेच गृहीत आहे. पहिला अज्ञात उचलायचा. दोन शक्यता संभवतात. तो एकाही समीकरणात नसेल, म्हणजे सगळीकडे त्याचा सहगुणक शून्य असेल, तर काम तिथेच संपले: त्याला १ द्यायचा, बाकी सगळ्यांना शून्य, आणि शून्येतर उकल तयार. तो निदान एका समीकरणात असेल, तर त्या समीकरणातून त्याची किंमत इतरांत मांडायची आणि बाकीच्या समीकरणांत भरायची. भागाकार करावा लागतो तो फक्त शून्य नसलेल्या सहगुणकाने, म्हणून तिथे अडचण येत नाही. या एका पायरीत एक अज्ञात कमी झाला आणि एक समीकरण खर्ची पडले. दोन्ही संख्या एकेकाने घटल्यामुळे त्यांच्यातले अंतर जसेच्या तसे राहिले. अज्ञात आधी जास्त होते, ते अजूनही तितकेच जास्त आहेत.

ही पायरी पुन्हा पुन्हा केली की कधी तरी समीकरणे संपतात. त्या वेळी अज्ञात मात्र निदान एक तरी उरलेला असतो आणि त्याच्यावर बंधन घालणारे कोणी नसते. त्याला १ द्यायचा, त्याच्याबरोबर आणखी कोणी उरले असतील तर त्यांना शून्य द्यायचे, आणि ज्या क्रमाने आलो त्याच्या उलट क्रमाने मागे जात लोप पावलेल्या प्रत्येकाची किंमत काढायची. मागे जाताना काहींची किंमत शून्य आली तरी बिघडत नाही. उरलेल्याला दिलेला १ जागेवर असतो, म्हणून सगळे शून्य होणे शक्य नाही. प्रत्येक समीकरण फार तर एका अज्ञाताला बांधू शकते, आणि बांधणारे कमी पडले की कोणी तरी मोकळा राहतोच.

‘फार तर’ हे शब्द इथे मुद्दाम आहेत. लोप करत असताना एखादे समीकरण संपूर्ण नाहीसे होऊन ० = ० असे उरू शकते. ते आधीच्या समीकरणांचीच पुनरुक्ती होते, इतकाच त्याचा अर्थ. असे झाले तर मोकळे अज्ञात वाढतात, कमी होत नाहीत. खरा धोका दुसऱ्या प्रकारचा असतो, तो म्हणजे ० = ५ असे काही तरी निघण्याचा. तसे झाले तर सगळा संचच परस्परविरोधी ठरतो आणि त्याला एकही उकल राहत नाही. समघाती संचात हा धोका संभवतच नाही. उजवीकडे सगळीकडे शून्ये आहेत. शून्याला कशानेही गुणा, शून्यातून शून्य वजा करा, तिथे पाच कुठून येणार? सिद्धतेत समघातीपणाची गरज नेमकी या एका जागी लागते.

ही अट काढली की विधान लगेच ढासळते. एक घोडा, एक उंट आणि एक बैल मिळून दहा मोहरांना, आणि दोन घोडे, दोन उंट, दोन बैल मिळून तीस मोहरांना, अशा दोन अटी घातल्या तर अज्ञात तीन आणि समीकरणे दोन आहेत, पण उकल नाही, कारण पहिली अट दुप्पट केली की वीस होतात, तीस नव्हे. अज्ञात जास्त असले की उत्तरे अगणितच असतात, हा समज विद्यार्थ्यांत बराच पसरलेला आहे. तो समघाती संचापुरताच खरा आहे. उजवीकडे शून्येतर संख्या असतील तर आधी एक तरी उकल आहे का ते पाहावे लागते. एक सापडली की मग मात्र अगणित सापडतात, कारण तिच्यात समघाती संचाची कोणतीही उकल मिळवता येते.

विधान उलटे वाचण्याची चूकही तितकीच नेहमीची. अज्ञात जास्त असतील तर शून्येतर उकल असते. याचा अर्थ अज्ञात जास्त नसतील तर ती नसते, असा नाही. भास्कराचार्यांच्या चौघांत पाचवा माणूस आणून बसवला की तुलना चार होतात आणि अज्ञातही चारच. आता हमी संपली आणि पाचव्याकडे काय आहे यावर सगळे अवलंबून राहिले. त्याच्याकडे नुसते दहा घोडे आहेत असे धरू. आधीच्या चौघांमुळे किमती ८५, ७६, ३१, ४ यांच्या कोणत्या तरी पटीत असल्याच पाहिजेत. त्या पटीत चौघांची मालमत्ता ८५३ ची पट होते आणि पाचव्याची ८५० ची. या दोन पटी सारख्या व्हायच्या तर ती पट शून्य असली पाहिजे, म्हणजे फक्त शून्य उकल उरते. पण त्याच पाचव्याकडे दोन घोडे, पाच उंट, नऊ खेचरे आणि सहा बैल असतील, तर त्याची मालमत्ताही ८५३ भरते आणि जुनी उत्तरे जशीच्या तशी टिकतात. कारण शोधायला लांब जावे लागत नाही: पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या जनावरांची बेरीज करून तिसऱ्याची वजा केली की पाचव्याचा गोठा तयार होतो. त्याचे समीकरण नवे काहीच सांगत नाही. म्हणजे मोजायची असतात ती खरोखर वेगळे काही सांगणारी समीकरणे. नुसती कागदावरची संख्या समीकरणांची ताकद जास्त दाखवू शकते, कमी कधीच दाखवत नाही. म्हणूनच मूळ विधानात कागदावरची संख्या घेऊन भागते.

हमी शून्येतर उकलीची आहे, समजूतदार उकलीची नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन माणसे घ्या. एकाकडे तीन घोडे आणि दोन बैल, दुसऱ्याकडे पाच घोडे आणि तीन बैल. दुसऱ्याकडे सगळेच जास्त असताना दोघे सारखे श्रीमंत कसे असतील? तरीही समीकरण एक आणि अज्ञात दोन, म्हणून शून्येतर उकल असलीच पाहिजे, आणि ती आहेही: समीकरण २या + पी = ० असे होते, त्याची उकल या = १, पी = −२. घोड्याची किंमत एक, आणि बैल घेणाऱ्याला वर दोन मोहरा द्यायच्या! पहिल्याची मालमत्ता ३ − ४ म्हणजे −१, दुसऱ्याची ५ − ६ म्हणजे तीही −१. गणिताच्या दृष्टीने यात खोट नाही, बाजाराच्या दृष्टीने आहे. किमती धन हव्यात ही अट समीकरणांत बसत नाही, ती असमानतेची अट आहे आणि तिचे शास्त्र वेगळे आहे. भास्कराचार्यांच्या उदाहरणात सगळ्या किमती धन आल्या याचे श्रेय आकडे निवडणाऱ्याला द्यायचे, अज्ञात जास्त होते याला नाही.

पूर्णांकांची अट मात्र सहज पुरी होते. सहगुणक पूर्णांक असतील तर लोप करताना फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार येतात, म्हणून उकल फार तर अपूर्णांकांत येते. सगळ्या छेदांचा लसावि घेऊन तिला गुणले की ती पूर्णांकांत येते आणि समघाती असल्यामुळे उकलही राहते. वर बैलाची किंमत १ ऐवजी ४ घेतली ती याचसाठी.

लोपाची सिद्धता उकल कशी काढायची ते दाखवते. उकल असलीच पाहिजे हे आणखी एका वाटेने, काहीही न सोडवता, नुसते मोजूनही दाखवता येते, आणि ही वाट जास्त चमत्कारिक आहे. समजा प्रत्येक जनावराची किंमत ० ते १२१५ यांपैकी कोणतीही पूर्ण संख्या असू शकते. प्रत्येकासाठी १२१६ पर्याय, म्हणून चौघांच्या किमतींच्या एकूण याद्या १२१६ चा चौथा घात इतक्या. प्रत्येक यादी तीन समीकरणांच्या डाव्या बाजूंत भरली की तीन संख्या निघतात. त्या शून्य असतीलच असे नाही, पण त्यांना फार मोठे क्षेत्रही नसते. पहिली डावी बाजू, २या − ५का + ६नी + ६पी, कमीत कमी ५ × १२१५ इतकी ऋण आणि जास्तीत जास्त १४ × १२१५ होऊ शकते. म्हणून तिला १९ × १२१६ पेक्षा कमीच निरनिराळ्या किमती मिळतात. त्याच हिशेबाने दुसरीला आणि तिसरीला प्रत्येकी ८ × १२१६ पेक्षा कमी. १९ × ८ × ८ म्हणजे १२१६. तेव्हा तीन संख्यांची जी त्रिकुटे निघू शकतात ती सगळी मिळून १२१६ च्या चौथ्या घातापेक्षा कमी भरतात. याद्या जास्त आणि त्रिकुटे कमी, म्हणून कुठल्या तरी दोन वेगळ्या याद्यांमधून एकच त्रिकुट निघाले पाहिजे. त्या दोन याद्यांची वजाबाकी केली की तिन्ही समीकरणांत शून्य येते, आणि याद्या वेगळ्या असल्यामुळे वजाबाकी सगळीच्या सगळी शून्य नाही. उकल मिळाली.

१२१६ हा आकडा या उदाहरणाच्या सहगुणकांतून आला. सहगुणक मोठे असते तर तोही मोठा झाला असता, पण युक्तिवाद तसाच चालला असता. चार अज्ञातांमुळे याद्या चौथ्या घाताच्या वेगाने वाढतात आणि तीन समीकरणांमुळे त्रिकुटे तिसऱ्या घाताच्या, म्हणून किमतींची मर्यादा पुरेशी वाढवली की चौथा घात तिसऱ्याला मागे टाकतोच. समीकरणे चार असती तर दोन्हीकडे चौथाच घात आला असता आणि काहीच निष्पन्न झाले नसते.

या वाटेने उकल प्रत्यक्ष हाती येत नाही, पण लोपाने सहज न कळणारी एक गोष्ट कळते: उकल किती मोठी असू शकते. दोन याद्यांची वजाबाकी असल्यामुळे तिच्यातली कोणतीही संख्या १२१५ च्या पलीकडे जात नाही. प्रत्यक्षात सर्वांत मोठी किंमत ८५ निघाली, म्हणजे मर्यादा बरीच सैल आहे, पण ती समीकरणे सोडवण्याआधीच सांगता येते. नॉर्वेचे गणिती आक्सेल थू यांनी ही युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी वापरली. कार्ल लुडविग झीगेल यांनी १९२९ साली तिला सर्वसाधारण रूप दिले आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २ चा √२ इतका घात घेतला तर येणारी संख्या पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाची उकल असू शकत नाही, हे गेलफाँड आणि श्नायडर यांनी १९३४ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्या सिद्धतेच्या आज पाठ्यपुस्तकांतून शिकवल्या जाणाऱ्या मांडणीत पहिलीच पायरी एक साहाय्यक फल रचण्याची असते, आणि त्याचे सहगुणक समीकरणांपेक्षा अज्ञात जास्त असलेल्या एका समघाती संचातून मिळवलेले असतात.